चुकणारा उतारा

बारावीच्या वर्षी मामांनी मला कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचं वेळापत्रक आखून दिलं. मामा दौंडच्या कोर्टात वकिली करत. आम्ही शिरूरला राहायचो, त्यामुळे दर रविवारी मी एसटीने दौंडला जाई, त्यांच्यासमोर घड्याळ लावून सराव पेपर सोडवी आणि संध्याकाळी परत येई. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच होते. ही परीक्षा गेली तर नर्सिंगचा फॉर्म भरायचा, असं ठरलेलं होतं.

सकाळी तर्काचे प्रश्न, कॉलेजहून आल्यावर कायद्याचे उतारे, संध्याकाळी चालू घडामोडी. घडामोडींच्या वहीत रकाने होते: नेमणुका, पुरस्कार, न्यायालयांचे निर्णय, करार. मी मराठी पेपर वाचायची आणि परीक्षा इंग्रजीत, म्हणून प्रत्येक संस्थेचं इंग्रजी नाव शेजारी लिहावं लागे. ते काम कंटाळवाणं होतं आणि मला बरं वाटायचं, कारण त्यात मनाला काही लावून घ्यायचं नव्हतं.

तर्कात माझे मार्क चांगले होते. सगळी मांजरं दगड आहेत, असं दिलं की मी मुकाट्याने मानायची आणि पुढचा निष्कर्ष काढायची. कायद्यात मात्र मार खायची. तिथेही तसंच करायचं असतं. वर एक तत्त्व दिलेलं असतं, खाली हकिकत. तत्त्व पटो न पटो, तेच हकिकतीला लावायचं.

"तुझा न्याय बाहेर चपलांपाशी काढून ये," मामा म्हणत.

एक उतारा तर मी तीन वेळा चुकवला. तत्त्व असं: धोका पूर्ण माहीत असून जो तो स्वखुशीने पत्करतो, त्याला झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. हकिकतीत प्रेस मशीनवरचा कामगार, त्याची बोटं तुटतात. भरपाई मिळेल का? मी तिन्ही वेळा 'मिळेल'वर खूण केली.

आमच्या आप्पांची, माझ्या वडिलांची, उजव्या हाताची तीन बोटं प्रेस मशीनखाली गेली होती. त्याला दोन वर्षं झाली होती. केस मामांनी लावली होती, तारखा पडत होत्या. ते कागद मी कधी उघडले नव्हते. घरात त्यावर कुणी बोलत नसे, आणि मलाही एव्हाना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निदान मी तसं समजत होते.

परीक्षेआधीच्या आठवड्यात आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. "मामा म्हनत्यात, एकच गणित सारखं चुकतंय तुझं."

"गणित नाही, उतारा आहे."

"वाच की मग."

मी नको म्हणाले. ते हलेनात. शेवटी मी तत्त्व मराठीत सांगितलं, मग हकिकत एकेक वाक्य करून. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेला मशीनचा गार्ड तुटला होता. कामगाराला ते माहीत होतं. सुपरवायझरने त्याला त्याच पगारावर दुसरं चांगलं मशीन देऊ केलं. तो म्हणाला, मला इथंच हात बसलाय, मी इथंच करतो.

आप्पांनी मला थांबवलं. "त्याला दुसरं मशीन देत हुते?"

"हो."

"आन् ह्योच न्हाई म्हनला?"

"हो."

"मंग न्हाई मिळायचं. वर तसंच लिवलंय न्हवं?"

मी कागदाकडे बघत राहिले. ते वाक्य तिन्ही वेळा तिथेच होतं. मी प्रेस मशीन आणि बोटं एवढंच वाचून खूण करत आले होते.

"मला कुणी दुसरं मशीन दिलं न्हवतं," आप्पा म्हणाले. "पन ह्यो मी न्हाई, पोरी."

मी 'मिळणार नाही'वर खूण केली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पुढचा प्रश्न घेतला.

परीक्षेत प्रत्येक हकिकत मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. यादीत नाव लागलं. मामांनी पेढे वाटले, लोक घरी येऊन गेले, आणि मला आनंद म्हणून काही झाला नाही. कायद्याच्या कॉलेजला निघायच्या आदल्या दिवशी ट्रंक भरताना कळलं, की त्या कागदावरच्या माणसाची हकिकत मला तोंडपाठ आहे आणि आप्पांची ठाऊक नाही. दोन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

ते डाव्या हाताने ट्रंकेची कडी बसवत होते. मी विचारलं, "आप्पा, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "आता कशाला? परीक्षा झाली न्हवं तुझी."