दुसरा टप्पा

नाशिक माझं माहेर, एवढ्याच पात्रतेवर तिथली नवी शाखा उघडायचं काम माझ्याकडे आलं. आमची कंपनी पुण्याची. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बसवायचे आणि वर्षाच्या कराराने त्यांची देखभाल करायची, हा धंदा. सातपूर-अंबडचे कारखाने, विंचूरचे कांदा व्यापारी, असं गिऱ्हाईक वाढत होतं आणि प्रत्येक बिघाडाला पुण्याहून माणूस पाठवणं परवडेना. मी प्रशासन बघत होते. पहिल्या वर्षाचं बजेटही मीच तयार केलं.

शरणपूर रोडला पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. मालकाने सहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागितलं, बिनव्याजी. सजावटीच्या काळासाठी मी पंचेचाळीस दिवस भाडेमाफी मागितली, त्याने पंधरा दिली. पितृपक्षात करार करणार नाही म्हणाला, म्हणून आम्ही घाईने गणपतीतच सह्या केल्या. मला वाटलं, दिवस वाचले. पण आमचा सुतारकामाचा कंत्राटदारही पितृपक्षात नवं काम सुरू करीत नव्हता. माफीचे पंधरा दिवस रिकाम्या भिंतींवरच संपले. नाशिकची मुलगी असून ही चूक मी केली. पुण्याच्या माणसाने केली असती तर मीच त्याला हसले असते.

मग विजेचा वाढीव भार मंजूर व्हायला वेळ लागला. शाखाप्रमुख म्हणून नेमलेल्या गृहस्थांना काचेची केबिन हवी होती.

"प्लायवुडचं पार्टिशन चालणार नाही का?" मी विचारलं.

"मॅडम, गिऱ्हाईक आत आलं की त्याला साहेब दिसला पाहिजे."

"साहेब काय, मासा आहे का?"

ते हसले, पण केबिन काचेचीच झाली. फर्निचर मात्र मी पहिल्या दिवशीच सगळ्या सात माणसांचं घेतलं. सात टेबलं, सात खुर्च्या एकदम घेतल्या तर दर कमी पडत होता.

पुण्यात संचालकांसमोर कागद ठेवले. डिपॉझिटची त्यांना चिंता नव्हती, ते परत येणारे पैसे. सजावटीचा आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला. "एकूण बेरीज बदलायची नाही. आतल्या आत बसवा."

मी आतल्या आत बसवलं. नोकरभरतीचे दोन टप्पे होते. दसऱ्याला चार माणसं, आणि एप्रिलपासून आणखी तीन, पण पहिल्या सहामाहीचं उत्पन्न ठरल्याप्रमाणे आलं तरच. कार्यालय सहायकाची जागा पहिल्या टप्प्यात होती. ती मी उचलून दुसऱ्या टप्प्यात टाकली. सहा महिन्यांचा पगार वाचला, काचेची केबिन बसली, बेरीज जशीच्या तशी राहिली. दहा मिनिटांचं काम होतं.

त्या जागेसाठी मी आधीच एका बाईंची निवड केली होती. कळवणच्या एका खासगी शाळेत त्या क्लार्क होत्या. पस्तिशीच्या, नवरा वारलेला, एक मुलगी आठवीत. अक्षर स्वच्छ, टायपिंग उत्तम, आणि मुलाखतीत पगाराचा प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी विचारला, ते मला आवडलं होतं. दसऱ्याला रुजू व्हा, असं मी तोंडी सांगितलं होतं. पत्र दिलेलं नव्हतं.

पितृपक्षात त्यांचा एसटीडी बूथवरून फोन आला. "मॅडम, राजीनामा देऊ ना?"

"इतक्यात नको. तुमचं दुसऱ्या टप्प्यात गेलंय. एप्रिल."

"एप्रिल. म्हणजे पक्कं हाय ना?"

माझ्यासमोर फर्निचरवाला बिल घेऊन बसला होता. "टप्प्यात नाव आहे तुमचं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दसऱ्याला शाखा उघडली. उत्पन्न आलं नाही. त्यातही चूक माझी होती. बजेटमध्ये मी करारांचं उत्पन्न बारा महिन्यांत सारखं वाटून टाकलं होतं. प्रत्यक्षात कारखान्यांचे देखभालीचे करार मार्चअखेरपर्यंत दुसऱ्या कंपन्यांशी बांधलेले. जो तो म्हणायचा, मार्चनंतर या. भाडं, पगार, टेलिफोन मात्र दर महिन्याला वेळेवर येत होते. दुसरा टप्पा रद्द झाला असं कुणी म्हटलं नाही, कुठे लिहिलंही नाही. तो सुरू झाला नाही, इतकंच.

एप्रिलच्या एक तारखेला मी सहामाहीच्या आढाव्यासाठी नाशिकला होते. दहाच्या ठोक्याला त्या बाई दारात. इस्त्रीची साडी, हातात डब्याची पिशवी.

"आले बघा, मॅडम."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. फेब्रुवारीअखेरीस त्यांनी शाळेत राजीनामा दिला होता, महिन्याची नोटीस पुरी केली होती. पंचवटीत खोली घेतली होती, घरमालकाला डिपॉझिट दिलं होतं. जूनपासून मुलगी नाशिकच्या शाळेत जाणार होती.

मी त्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं. उत्पन्न आलं नाही, म्हणून भरती थांबली आहे. कधी होईल, सांगता येत नाही.

"पण तुम्ही टप्पा म्हणाल्या होत्या."

"टप्पा म्हणजे उत्पन्न आलं तर."

"माझे वडील एसटीत कंडक्टर होते, मॅडम. गाडी उशिरा येईल, पण तिकिटाचा टप्पा काय हालत नाय. तो जिथं हाय तिथंच असतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही नाही म्हणायचं होतं. मी शाळेतच राहिले असते."

काचेतून शाखाप्रमुख आमच्याकडे बघत होते. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्यांना दुसरं काही बघायला नव्हतं.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. संचालक म्हणाले, "पत्र दिलंय का आपण?" नाही म्हटलं. "मग प्रश्न कुठे आहे?" मी कळवणच्या शाळेत फोन केला. मुख्याध्यापक नम्रपणे म्हणाले, जागा भरली, संस्थेच्या अध्यक्षांच्या नात्यातली मुलगी आहे. मग मी शाखाप्रमुखांना म्हटलं, किरकोळ खर्चातून रोजंदारीवर ठेवता येईल का? ते म्हणाले, "किरकोळ खर्चात चहा पण बंद केलाय, मॅडम." ते खरं होतं. बंद मीच करायला लावला होता.

बाईंनी हे सगळं ऐकलं. समोरच्या टेबलाकडे बघून विचारलं, "हे माझं होतं का?"

"हो."

खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर एकदा हात ठेवला, डब्याची पिशवी उचलली आणि गेल्या. खोलीच्या घरमालकाने डिपॉझिट परत दिलं नाही, हे मला त्यांच्या पोस्टकार्डावरून कळलं. त्यात तक्रार नव्हती. कुठे जागा असल्यास कळवावे, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. मी दोन ठिकाणी शब्द टाकला, काही झालं नाही. मग पोस्टकार्ड आलं नाही. मीही लिहिलं नाही.

करार मे-जूनमध्ये यायला लागले, पण तोवर पुण्याचा धीर सुटला होता. वर्ष भरायच्या आत शाखा बंद केली. जागा पूर्ववत करण्याच्या नावाखाली मालकाने आमच्याही डिपॉझिटमधून मोठा तुकडा कापला. काचेची केबिन उखडताना फुटली. सहा खुर्च्या तिथल्याच एका व्यापाऱ्याने घेतल्या. सातवी टेम्पोत चढली आणि पुण्यात माझ्या टेबलाशी आली. प्लॅस्टिक मीच काढलं. तिच्यावर बसून मी पुढच्या शाखेचं बजेट केलं. त्यात माणसांच्या रकान्याला टप्पा म्हटलं नाही. "आहे" आणि "नाही" असे दोनच रकाने केले.

संचालक म्हणाले, "हे फार रोखठोक झालं."

तसंच ठेवलं.