फक्त कागदावर उगवलेलं झाड

जगात कुठेच नसलेल्या एका झाडाला माझ्यामुळे नाव मिळालं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

ठाण्यात एका वनस्पतिशास्त्री साहेबांकडे मी लेखनिक होतो. वाळवलेली फांदी जाड कागदाला चिकटवायची आणि कोपऱ्यात नाव लिहायचं, हे काम. पहिल्या दिवशी खारफुटीच्या एका फांदीशेजारी मी नुसतं ‘तिवर’ लिहिलं. साहेब हसले. “या खाडीत तुम्ही दोन झाडांना तिवर म्हणता. लंडनच्या माणसाने कोणतं समजावं?” लॅटिन आता कुणाच्याच घरी बोलत नाहीत, म्हणून ती सगळ्यांना सारखी, असं ते म्हणत. मग त्यांनी लिहून दाखवलं: अव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस. आधी घराण्याचं नाव, त्याचं पहिलं अक्षर मोठं. मग त्या जातीचं, सगळं लहान अक्षरांत. दोन्हींखाली रेघ, म्हणजे छापताना तिरपा टाइप लागतो. शेवटी नाव ठेवणाऱ्याचं नाव, त्याला रेघ नाही. मला तर वेडच लागलं! रस्त्यातल्या प्रत्येक झुडपाला मी मनात रेघा ओढायचो.

विलायतेला जायच्या आदल्या दिवशी साहेबांना अरुंद पानांचं तिवर फुलांसकट हवं होतं. मी कळव्याच्या खाडीत होडी घेऊन गेलो. पानं मिळाली, पण बहर सरलेला. रिकाम्या हाताने परतायचं? शेजारच्या रुंद पानांच्या तिवराची पिवळी फुलं मी तोडली आणि त्याच पुडीत घातली.

होडीवाला आगरी म्हातारा खो खो हसला. “कारकूनदादा, एकीचा नाक दुसरीला लावताव?”

“गप रे बाबा, वल्हं मार!”

संध्याकाळी साहेबांनी भिंग लावलं आणि खुर्चीवरून उठलेच. “अशी पानं आणि एवढी मोठी फुलं? ही नवी जात आहे!” त्यांनी माझा हात धरून गदागदा हलवला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे नाचत होतो. खरं सांगतो, त्या घटकेला माझाही त्या झाडावर विश्वास बसला होता. नावाचे दोन्ही शब्द त्यांनी मला लिहायला लावले. मोठं अक्षर, लहान अक्षरं, रेघा, सगळं बिनचूक. खाली ‘गोळा करणारा’ म्हणून माझं नाव. तोंड उघडायला अख्खी रात्र होती, उघडलं नाही. सकाळी साहेबांबरोबर नमुन्यांची पेटी बंदरावर गेली.

पुढे ते नाव छापून आलं. नवं नाव ज्या नमुन्यावरून ठेवतात, त्या नमुन्याशी ते बांधलेलं राहतं, आणि तो नमुनाच माझी लबाडी. त्या झाडासाठी दोन विद्वान इथल्या चिखलात गुडघाभर रुतून गेले. मीच त्यांना होडी करून दिली. ते नाव इथे लिहीत नाही. आणखी पसरायला नको.

साहेब आता नाहीत, पण तो कागद विलायतेच्या संग्रहात आहे. पानं एका झाडाची, फुलं दुसऱ्याची आणि जुळणी माझी, एवढं सांगणारं सहीचं पत्र मी त्या संग्रहाला देणं लागतो. ते अजून लिहिलेलं नाही.