पंचेचाळीस फोटोंतला पिराप्पा

भालकीच्या बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना उजव्या हाताला एक अरुंद जिना चढतो. वर धम्मानंदचा फोटो स्टुडिओ. तीस वर्षांपूर्वी उदगीरला एका जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली तो काम शिकला, ते अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली. निगेटिव्हवर बारीक कुंचल्यानं सुरकुत्या बुजवणं हे त्याचं पहिलं काम. पुढे फिल्म गेली, कॉम्प्युटर आला, पण नको ते पुसायचा त्याचा हात तसाच राहिला. लग्नाच्या फोटोत वाकडा आलेला हार तो सरळ करायचा, मागून डोकावणारा अनोळखी माणूस काढून टाकायचा. गावात म्हण पडली होती, "धम्मानंदअण्णाच्या फोटोत माशीसुदीक परवानगीबिगर बसत न्हाई."

स्टुडिओचं पोट मात्र लग्नांवर चालत नव्हतं. ते चालायचं मेलेल्या माणसांवर. खेड्यापाड्यांत म्हातारी माणसं जन्मभर फोटोला उभी राहत नाहीत. ती गेली की घरचे आधार कार्ड घेऊन जिना चढतात, आणि त्यातला तो टिकलीएवढा चेहरा मोठा करून मागतात. धम्मानंद त्या चेहऱ्याला कोट घालायचा नाही, खोटं हसू द्यायचा नाही. डोळे तेवढे उघडे दिसतील असं बघायचा. आई पार्वतीबाई त्याला सांगून गेली होती, "दुःखाच्या माणसाला थांबवून ठिवू नको." ते त्यानं पाळलं.

त्या हिवाळ्यात कापडवाल्या बसवप्रभुंनी दुकान तीन मजली केलं आणि कॅलेंडरसाठी फोटो सांगितला. त्यांची अट एकच होती.

"दुकानासमोर एक माणूस दिसायचा न्हाई, एक गाडी दिसायची न्हाई. आरशासारखा रस्ता पायजे."

दुकान भर रस्त्यावर, समोरच हुलसूरच्या बसचा थांबा. उसाचा हंगाम चालू होता. कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत सारखे जात होते. पहाटे रस्ता मोकळा असतो, पण तेव्हा शटर बंद. दुकान पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे दुपारनंतर सगळी सावली. फोटो काढायचा तर दहा ते बाराच्या आत, ऐन गर्दीत.

धम्मानंदला त्याची युक्ती माहीत होती. मंगळवारी तो समोरच्या खानावळीच्या गच्चीवर गेला. स्टँड घट्ट रोवला, पायांना विटा लावल्या. उजेड, फोकस, रंग, सगळं हातानं बांधून टाकलं, म्हणजे कॅमेरा मध्येच स्वतःच्या मनानं काही बदलणार नाही. दुकानासमोर एक टेम्पो उभा होता. तो त्यानं खाली जाऊन विनंती करून हलवायला लावला. मग दर वीस सेकंदांनी एक, असे पंधरा मिनिटांत पंचेचाळीस फोटो. चौकट तीच, जागा तीच.

बसवप्रभु गच्चीवर येऊन मागे उभे होते. "अवो, ह्या समद्यात माणसं हायतच की!"

"हायत. पण एका जागी कोण हाय? आता त्या पायरीचा बारीकसा ठिपका बघा," धम्मानंद म्हणाला. "पंचेचाळीस फोटोंत पाच-सात येळा तिथं कुणाचा तरी पाय येईल. बाकीच्या येळा पायरीच. कॉम्प्युटर त्या ठिपक्याचे पंचेचाळीस रंग उजळ-काळे असे ओळीनं लावतो आणि बरोबर मधला उचलतो. मधला पायरीचाच निघतो. पाय आपोआप गळतो."

"आणि टेम्पो कामून हलवलाव?"

"निम्म्याहून जास्त येळ जे एका जागी बसलं, ते मशीनला भिंतीसारखंच. ते जात न्हाई."

संध्याकाळी फोटो झाला. भालकीचा तो रस्ता असा कुणी पाहिला नव्हता. सगळ्या पायऱ्या मोकळ्या, दारातले साडी नेसवलेले पुतळे, लटकवलेले कपडे, आणि समोर रिकामं डांबर. फक्त वाऱ्यानं हलणाऱ्या पताका थोड्या पुसट आल्या होत्या. बसवप्रभु खूश झाले, पण पाटीचा लाल रंग अजून भडक करून मागितला. एरवी गिऱ्हाइकाची पसंती आली की धम्मानंद मूळ फोटो त्याच दिवशी उडवायचा. डिस्कवर जागा नसायची. ह्या वेळी रंगाचं काम राहिलं म्हणून ते पंचेचाळीस तसेच राहिले.

पुढच्या सोमवारी दोन बायका जिना चढून आल्या. हुलसूरकडच्या एका वाडीच्या सुभद्राबाई आणि त्यांची लेक जगदेवी. घराणं मूळचं मेंढरांमागचं. आता मेंढरं राहिली नव्हती, दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. शुक्रवारी सुभद्राबाईंचे पती पिराप्पा उसाच्या फडात छातीला हात लावून खाली बसले. दवाखान्याकडे निघालेली गाडी निम्म्या वाटेवरून परत फिरली.

जगदेवीनं आधार कार्ड पुढे केलं. धम्मानंदनं ते स्कॅनरवर ठेवलं. चेहरा पांढराफटक, डोळे अर्धे मिटलेले, डोक्यावर पटका नाही.

सुभद्राबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "हे त्यांचं तोंड न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "पटका काढाया लावला व्हता तितं. बिगरपटक्याचे ते मलासुदीक दिसत नव्हते कदी."

"दुसरा एखादा फोटो, अक्का? लग्नातला, मोबाईलवरचा?"

"न्हाई. कुणी मोबाईल धरला की पाठ करायचे."

त्यानं स्कॅन बाजूला सरकवलं. मागे बसवप्रभुंच्या दुकानाचा फोटो उघडाच होता. जगदेवी पुढे वाकली.

"हे नवं कापडाचं दुकान न्हवं? आप्पा इथूनच बोलले व्हते माझ्याशी. मंगळवारी. नव्या दुकानासमोर हुबा हाय म्हणले, बसची वाट बघायलोय म्हणले." मग तिनं कपाळाला आठी घातली. "पर इथं कोणच न्हाई. कवा काढलाव हे?"

धम्मानंदच्या हातातला माऊस थांबला. "मंगळवारीच," तो म्हणाला. "अकराच्या पुढं. किती वाजता बोलले?"

जगदेवीनं मोबाईलमधली यादी खाली खाली सरकवली. मंगळवार, अकरा वाजून चौदा मिनिटं. बोलणं दोन मिनिटं.

त्यानं मूळ फोटोंचं फोल्डर उघडलं. पहिल्या फोटोवर वेळ होती अकरा पंधरा. शेवटच्यावर जवळजवळ अकरा तीस. बोलणं जेमतेम पहिल्या दोन-तीन फोटोंपर्यंत पोचत होतं. ते त्यानं मोठे करून बघितले. पटका नव्हता.

"गेले असतील बस धरून," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पदर सावरून उठायला लागल्या.

"थांबा अक्का." त्याला आठवलं. मागच्या लग्नात दोन कॅमेऱ्यांचे फोटो क्रमानं लावताना अक्षता आधी आणि मंगलाष्टकं नंतर आली होती, कारण ह्या कॅमेऱ्याचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे. दुरुस्त करायचं राहूनच गेलं होतं. म्हणजे मोबाईलवरचे अकरा चौदा ते कॅमेऱ्यावरचे अकरा वीस.

अकरा वीसच्या फोटोत एक आख्खी बस आडवी होती. पुढच्यात बस निम्मी सरकलेली, मागे माणसांची झुंबड, आणि त्यांच्यात ते साडीतले पुतळे, टांगलेले सदरे. खरं माणूस कुठलं, कापड कुठलं, काही कळेना. तेव्हा धम्मानंदनं रिकाम्या रस्त्याचा फोटो खाली ठेवला, गर्दीचा त्याच्यावर, आणि एकातून दुसरा वजा केला. जे दोन्हींत सारखं होतं ते काळं झालं. दुकान गेलं, पुतळे गेले, पाटी गेली. काळ्या अंधारात उरली फक्त आलेली-गेलेली माणसं, विचित्र निळ्या-पिवळ्या रंगांत.

तो एकेक फोटो तसा करत गेला. चौथ्याला सुभद्राबाईंनी त्याचा हातच धरला.

"हे बघा. हे."

"कशावरून, अक्का?" चेहरा तर काळा-पिवळा डाग होता.

"डावा खांदा बघा की. घोंगडं तिथं ठिवून ठिवून खाली गेलाय."

त्यानं मूळ फोटो उघडला आणि तो भाग मोठा केला. पायरीच्या कडेला पिराप्पा उभे होते. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, काखेत कागदाचं पुडकं, कानाला बटणांचा मोबाईल. तोंड बरोबर कॅमेऱ्याकडे, आणि ते हसत होते.

जगदेवीनं तोंडावर पदर दाबला. "माझ्याशी बोलायलेत," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या चपलीचा नंबर इचारत व्हते. मी म्हणलं, नंबर कशाला, बोटानं मापून न्या..." सुभद्राबाई रडल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून पडद्याजवळ बसल्या, आणि धम्मानंद बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला.

पिराप्पा अकरा फोटोंत होते. पंचेचाळिसांत अकरा. मशीननं त्यांना गाळलं यात मशीनची चूक नव्हती. मशीनला तसंच सांगितलेलं होतं. तरी धम्मानंदला जिन्यात उभं असताना आठवत राहिलं की किती फोल्डर त्यानं आजवर उडवली.

आत येऊन त्यानं खरं ते सांगितलं, "अक्का, तोंड लई मोठं करता येणार न्हाई. लांबनं काढलंय, चौकटी-चौकटी दिसतील. उभा माणूस आख्खा देतो, तोंड नखाएवढं येईल, पर साफ येईल."

"द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "नखाएवढं का असंना, त्यांचं हाय."

दुसऱ्या दिवशी जगदेवी एकटी येणार होती, पण आई बरोबर आलीच. रात्रीतून धम्मानंदनं आपल्या मते मान राखला होता. रिकाम्या रस्त्याच्या फोटोवर त्यानं एकटे पिराप्पा बसवले होते. मागे स्वच्छ पायऱ्या, समोर ओलांडणारं कुणी नाही. त्याला ते देवळातल्यासारखं वाटलं होतं.

सुभद्राबाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला, लांब केला, जवळ केला.

"एवढ्या मोठ्या रस्त्यावर एकटंच हुबं केलाव त्यांला?"

"गर्दीत हरवतील म्हणून, अक्का."

"गर्दीतच की ते जलमभर. आदी मेंढरांच्या, मग माणसांच्या. हितं कुणाशी बोलायचं त्यांनी?" त्यांनी फोटो परत केला. "कुणाला काढू नका दादा. व्हते तसं ऱ्हाऊ द्या."

धम्मानंद कॉम्प्युटरकडे वळला. त्यानं तो एकच मूळ फोटो घेतला, दोन्ही बाजूंनी थोडा कापला, उजेड सारखा केला आणि छापला. पाठमोऱ्या बाईच्या डोक्यावरची पाटी, सायकलचं अर्धं चाक, उसाच्या ट्रेलरचं टोक, सगळं राहिलं.

तेराव्याला त्याला बोलावणं आलं आणि तो गेला. एरवी तो गिऱ्हाइकाच्या घरी असा जायचा नाही. वाडीतल्या घरासमोर मांडवात पाटावर फोटो ठेवला होता. बुक्का, फुलं, समोर दिवा. लोक वाकून बघत होते, आणि बघता बघता पिराप्पांच्या आजूबाजूलाही बघू लागले.

"हा सिद्धप्पा न्हवं का, आपल्या खालच्या आळीचा?"

"मीच की," मागून एक म्हातारा पुढे आला. त्यानं चष्मा पुसून बघितलं. "त्या दिशी एकाच बसनं आलो आमी. जागा नव्हती. मला बसवून हा हुलसूरपस्तोर हुबा आला."

सुभद्राबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या म्हाताऱ्याच्या शेजारी सरकल्या आणि म्हणाल्या, "मग वाटंत काय बोलले, ते सांगा."

सिद्धप्पा खाली मांडी घालून बसला आणि सांगायला लागला. मांडवातली माणसं जवळ सरकली. धम्मानंदही कडेला बसून ऐकू लागला.