सुकटीवर बर्फ

माझं काम मुद्रितशोधनाचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या वेलांट्या आणि उकार सरळ करायचे, आणि अर्थाबद्दल तोंड उघडायचं नाही. रत्नागिरीत घरी बसून लग्नपत्रिकांपासून सरकारी अहवालांपर्यंत सगळं तपासलं. तोंड न उघडण्याचा नियम मी बऱ्यापैकी पाळत आले होते. पण त्या सकाळी जो सारांश आला, तो वाचून माझं डोकं असं सणकलं की समोरचा चहा तसाच निवून गेला.

आमच्या कोळीवाड्याजवळची जेटी वाढवायची होती. त्याचा जाडजूड अहवाल एका सल्लागार कंपनीनं केला होता, आणि त्याचा दोन पानी सारांश जनसुनावणीत लोकांना वाचून दाखवायचा होता. जेटीला लागून रेतीचा एक पट्टा आहे. तिथं माझी मावशी आणि वाड्यातल्या बायका मासळी सुकवतात. आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं, आणि तेही त्याच रेतीवरच्या जवळ्या-बांगड्यांवर. पावसाळ्यात होड्या बंद पडल्या की अजूनही तिची चूल त्यावरच पेटते. ती जागा गेली तर मावशीच्या हातात काही उरत नाही, एवढं सरळ आहे ते.

सारांशात लिहिलं होतं, 'वाळवणीची जागा आहे त्याच जागी कायम राहील.' वाचून मी खूश झाले. पुढचंच वाक्य होतं, 'सुकी मासळी करणाऱ्या महिलांसाठी मासे बर्फात ठेवण्याची सोय चालू राहील.'

अगं बाई! सुकटीवर बर्फ? उन्हात कडकडीत वाळवलेला बोंबील बर्फात घालणारा शहाणा मी तरी रत्नागिरीत पाहिला नव्हता. सुक्या मासळीला नुसता दमट वारा लागला तरी मावशी आकांडतांडव करते. हे लिहिणाऱ्यानं मासळी फक्त ताटात बघितली असणार.

मी कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, "साहेब, हे वाक्य चुकलंय."

"शुद्धलेखन चुकलंय का?"

"नाही, अर्थच चुकलाय."

"मॅडम, तुम्हाला शुद्धलेखन बघायला दिलंय. अर्थ आमच्याकडे आहे."

अर्थ यांच्याकडे! जसा काही तिजोरीतच ठेवलाय कुलूप लावून. मी आवाज चढवला तेव्हा कटकट मिटवायची म्हणून त्यांनी मूळ अहवाल पाठवला, आणि त्यातून संगणकानं उपसून काढलेला मजकूरही. तोच मजकूर सारांश करणाऱ्या प्रोग्रॅमला घातला होता, हे त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, "मराठी किती सफाईदार आलंय बघा."

सफाईदार होतंच, तीच तर गोची होती. उपसलेला मजकूर उघडला तर त्यात अशा ओळी होत्या:

'उत्तरेकडील वाळवणीची जागा जुने बर्फाचे गोदाम आहे त्याच
रस्त्यासाठी ताब्यात घेण्यात येईल. जागी कायम राहील. तेथे मासे
सुकी मासळी करणाऱ्या बर्फात ठेवण्याची सोय चालू'

डोळे फिरले माझे. मग मूळ अहवालाचं पान काढलं आणि सगळा उलगडा झाला. पान दोन रकान्यांत छापलेलं होतं. माणूस डावा रकाना वरून खाली वाचतो आणि मग उजव्याकडे वळतो. संगणकानं मधली मोकळी पट्टी जुमानलीच नव्हती. डावीकडची एक ओळ, तिला चिकटून उजवीकडची एक ओळ, असं आडवं वाचत तो पानाच्या तळापर्यंत गेला होता. आणि प्रोग्रॅमनं त्या खिचडीतले तुकडे जुळवून छान गुळगुळीत वाक्यं केली. कायम राहणार होतं बर्फाचं गोदाम. रस्त्यात जाणार होती मावशीची जागा. सारांशात नेमकं उलटं.

मी पान छापून घेतलं, मधल्या पट्टीवर उभी घडी घातली आणि डावी बाजू वाचायला लागले. पानाच्या मधोमध दोन्ही रकान्यांवर पसरलेला एक तक्ता होता. त्याच्या वरची शेवटची ओळ अर्धीच होती, 'या महिलांना पर्यायी जागा'. तक्ता ओलांडून त्याच रकान्यात खाली गेले, तर तिथं 'पुरेसे दिव्यांचे खांब उभारण्यात येतील.' महिलांना पर्यायी जागा पुरेसे खांब? छे! मग लक्षात आलं, की तक्त्यानं पानाचे दोन मजले केलेत. आधी वरच्या मजल्यावरचे डावा आणि उजवा रकाना संपवायचे, मग खाली उतरायचं. उजव्या रकान्याच्या अगदी माथ्यावर उरलेलं वाक्य सापडलं: 'देण्याची तरतूद नाही.'

आणि खालच्या मजल्यावर, उजवीकडे तळाला: 'सुनावणीत हरकत न नोंदवल्यास संमती समजण्यात येईल.' हे वाक्य तर सारांशातून पारच गायब होतं.

मी ते सगळं पान आधी ओळीनं लावून टाईप केलं. मूळ पानाशी पुन्हा ताडून पाहिलं, आणि मगच त्याचा सारांश केला: जागा रस्त्यासाठी जाणार, बदल्यात दुसरी मिळणार नाही, गोदाम राहणार, हरकत सुनावणीतच घ्यावी लागेल. चार गोष्टी, कुणालाही कळतील अशा. साहेबांना पाठवलं. उत्तर आलं, 'सारांश छापून झाला आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

आभार म्हणे! असल्या आभारांना काय चाटायचंय?

सुनावणी वाड्यातल्या देवळासमोरच्या मांडवात होती. आमच्याकडे कागद घरी नेऊन वाचायची रीत नाही. कुणीतरी मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि पटलं की सगळे मिळून 'होय' म्हणतात. साहेबांनी माईकवर वाचलं, "वाळवणीची जागा आहे त्याच जागी कायम राहील." बायका खुलल्या. मावशीनं पदर सावरला आणि शेजारणीला म्हणाली, "बरं झालं गो बाय, काळजी मिटली." सगळा मांडव 'होय' म्हणायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात मी उठले.

"थांबा! पुढचं वाक्य वाचा साहेब. सुकटीला बर्फ कोण लावतं ते सांगा यांना."

साहेबांनी वाचलं. क्षणभर कुणाला काही कळेना, मग बायका फुटल्याच. "सुकटीक बर्फ? मेल्याचं डोकं बर्फात ठेवा!" त्या हशातच मी घडी घातलेलं पान उघडलं आणि अहवालातली वाक्यं त्यांच्या खऱ्या क्रमानं मोठ्यानं वाचली. 'देण्याची तरतूद नाही' इथपर्यंत आले तेव्हा मांडवात कुणीच हसत नव्हतं.

साहेब म्हणाले, "तांत्रिक चूक आहे. रकाने एकमेकांत मिसळले."

"रकाने मिसळले, आणि 'होय' आमच्याकडून घेताय?" मी ओरडलेच. लाजबीज काही वाटली नाही.

सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी अधिकारीबाईंनी पान मागून घेतलं, स्वतः दोनदा वाचलं आणि त्या दिवशीची सुनावणी रद्द केली. दुरुस्त सारांशासकट पुन्हा घ्यायची, असं ठरलं.

तो दुरुस्त सारांश तपासायला माझ्याकडेच आला. सोबत एक चिठ्ठी, 'कृपया फक्त शुद्धलेखन पाहावे.' या वेळी मजकूर बरोबर होता. जागा जाणार, बदल्यात काही नाही, हरकत सुनावणीतच. मी तो कागद घेऊन मावशीकडे गेले. ती रेतीवर बांगडे उलटे करत होती. वाचून दाखवताना मला रडू आलं, कारण पहिल्या खोट्या कागदानं तिला निदान हसवलं तरी होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातला बांगडा नीट पालथा घातला.

"आता लिवलंय ते खरं ना?"

"खरं आहे मावशी."

"मग रडतेस कशाला गो? आता भांडता येईल."