मल्लिनाथचा पाचवा अंक

जळकोटात हायवेला लागून मल्लिनाथची पिठाची गिरणी आहे. तिथं दळण टाकून शांत बसता येत नाही. ज्वारी जात्यात पडली की मल्लिनाथला स्फुरण चढतं. पट्ट्याच्या फटफटीवर आवाज चढवून तो "अरे सिंहासनावरच्या लांडग्या!" असं ओरडतो, आणि नवखी बाई डबा टाकून रस्त्यावर पळते. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक होतं ते या माणसामुळं. तोच लिहितो, तोच बसवतो आणि नायकही अर्थात तोच. मिशा पिकल्या, पोट सुटलं, तरी नायक तोच. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याचा प्रॉम्प्टर आहे. माझा स्वभाव तापट आहे हे गाव सांगेल, पण चुकीचं वाक्य ऐकून ज्याचं डोकं तापत नाही त्यानं प्रॉम्प्टर होऊच नये.

गिरणीच्या बरोबर समोर शिवप्पाचं पंक्चरचं दुकान. दोघं लहानपणापासूनचे मित्र. रोज संध्याकाळी एक चहा दोघांत वाटून प्यायचे, आणि एकमेकांना शिव्या देत प्यायचे. नाटकात शिवप्पा पडदा ओढायचा. स्टेजवर यायची त्याला भारी हौस, पण मल्लिनाथनं कधी घेतलं नाही. "पडदा वढायलाबी मानूस भरवशाचा लागतो गड्या," एवढं म्हणून त्याला दोरीला बांधून ठेवलं.

आणि मागच्या जत्रेत तो भरवशाचा माणूस नको तेव्हा हलला. मल्लिनाथ सरदाराच्या वेषात मरत होता. मरणं हा त्याचा हुकमी भाग. बाण लागल्यावर तो निवांत बोलायचा, मायभूमीचा निरोप घ्यायचा, मग प्रेक्षकांकडे पाठ फिरवून गडाला मुजरा करायचा आणि कोसळायचा. तो "हे मायभू, आता शेवटचं" इथवर आला आणि धाडकन पडदा पडला. मुजरा राहिला. मरण राहिलं. लोकांना वाटलं संपलं, ते भेळ खायला उठले.

मल्लिनाथ शिवप्पाच्या अंगावर धावून गेला, "का पाडलास?" शिवप्पा खाली बघत म्हणाला, "हात सटकला." त्या दिवसापासून बोलणं बंद. एक इकडं दळतोय, एक तिकडं ट्यूबमध्ये हवा भरतोय, मधून ट्रक चाललेत. मला दोघांचाही राग यायचा, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं. संध्याकाळी दोन वेगळे चहा बघवत नव्हते.

यंदा मल्लिनाथनं नवं नाटक लिहिलं. 'न्याय चिंचगडाचा'. पाच अंकी, सूडाचं. पहिल्या अंकात एक इमानदार कारभारी भर दरबारात राजाची लबाडी सांगायला उभा राहतो. राजा खूण करतो, दरबाराचा पडदा अर्ध्या वाक्यावर पडतो, आणि पडद्यामागं कारभाऱ्याचा खून होतो. त्याचा रक्तानं भरलेला फेटा घरी येतो. कारभाऱ्याचा मुलगा म्हणजे आपला नायक. बोलणाऱ्यावर पडदा पाडणं म्हणजे खून, हे वाचूनच माझ्या ध्यानात आलं की गडी कुणावर चिडून लिहितोय. राजा कोण करणार विचारलं, तर म्हणाला, "शिवप्पा. पाचव्या अंकात माज्या पायाशी माफी मागंल, मग तलवार. समद्या गावासमोर."

मी शिवप्पाकडं हा निरोप घेऊन गेलो. शिवप्पानं टायर सोडून दिलं आणि माझे हात धरले, काळे झाले माझे हात. "म्या राजा? गुर्जी, खरंच म्या राजा?" तो रडायच्या बेताला आला होता. म्हटलं, अरे तो तुला सगळ्यांपुढं मारणार आहे. तर म्हणतो, "मारू दे की. तालमीत बोलंल तर माज्यासंग."

आणि बोलला! गिरणीतल्या तालमीत मल्लिनाथ गरजायचा, "नराधमा, तुझ्या डोळ्यांत मला माझ्या बापाचं रक्त दिसतं!" आणि नराधम तोंडभर हसत उभा. मी ओरडायचो, "शिवप्पा, घाबर! घाबर रे!" तो म्हणायचा, "घाबरतोय की," आणि पुन्हा हसायचा. गिरणीत बसलेल्या बाया दळण झालं तरी उठत नव्हत्या.

भांडण पेटलं ते नाटकाच्या शेवटावर. दुसऱ्या अंकात नायक वेडाचं सोंग घेऊन राजावर पाळत ठेवतो. एके ठिकाणी अंधारात राजाचा शेला दिसतो, तो मागून वार करतो. मरतो तो मात्र मशालजी, कारण राजानं त्याला तो शेला बक्षीस दिलेला असतो. तिसऱ्या अंकात नायक सोंगाड्यांकरवी राजापुढं बापाच्या खुनाचा खेळ लावतो आणि राजाचा चेहरा निरखतो. चौथ्यात मशालजीची मुलगी बापाच्या विझलेल्या मशालीवर हात ठेवून शपथ घेते. पाचव्यात मेजवानी. राजा नायकासाठी विषाचा पेला ठेवतो, नायक राजाला मारतो आणि स्वतः गादीवर बसतो. जयजयकार, पडदा.

"हा शेवट खोटा आहे," मी म्हणालो.

"का वो? न्याय झाला की!"

"मल्लिनाथ, नीट ऐक. राजानं खून केला आणि राजाच न्यायाधीश. दाद मागायला दारच नाही, म्हणून तुझा नायक तलवार उचलतो. इथवर माणूस तुझ्या बाजूनं. पण तू मशालजीला दुसऱ्या अंकात मारतोस आणि पुरावा तपासतोस तिसऱ्यात. आधी शिक्षा, मग चौकशी! आता त्या पोरीनं दाद कुठं मागायची? तू गादीवर. म्हणजे खुनी तूच आणि न्यायाधीशही तूच. पहिल्या अंकात राजा जिथं बसला होता तिथंच पाचव्या अंकात तू येऊन बसलास."

"म्या चुकून मारला वो!"

"तिचा बाप चुकून मेला नाही, पुरता मेला. तुझा सूड न्याय असेल तर तिचाही न्याय. म्हणून सूडाच्या नाटकात नायक शेवटी मरतो. त्याच्याबद्दल आपल्याला कितीही वाटू दे, तो जिवंत राहिला तर नाटक लबाड होतं."

मल्लिनाथनं बराच विचार केला. मग म्हणाला, "चौथ्या अंकात पोरीचं चांगलं स्थळ बघून लगीन लावून देतो."

मी चष्मा काढून ठेवला, नाहीतर फेकला असता.

मशालजीच्या मुलीचं काम शिवप्पाची पोरगी दैवशाला करत होती. उमरग्याला कॉलेजात जाते, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "गुर्जी, म्या काकांना मारलं तर मग माझं काय? काकांच्या घरचं कुणीतरी मला मारायला येनार. ही साखळी तोडायची कुनी?" मी म्हटलं, कुणीतरी तिसरा लागतो, ज्याचे हात रक्तानं भरलेले नाहीत. "त्यो कुठाय तुमच्या नाटकात?" यावर मी तिला पाठांतर कर म्हणून सांगितलं. उत्तर नसलं की मास्तर हेच सांगतो. शेवट मल्लिनाथनं बदलला नाही.

जत्रेचा दिवस. लाउडस्पीकरचं बंधन म्हणून दिवेलागणीलाच नाटक सुरू केलं. पडद्याची दोरी आता माझ्या हातात होती, एका हातात वही, एका हातात दोरी. विंगेत मल्लिनाथची बायको शिवकांता सुईदोरा घेऊन बसलेली. सगळ्यांचे कपडे तीच शिवते.

तिसरा अंक रंगला. सोंगाड्या कारभारी झाला, बोलायला लागला, आणि अर्ध्या वाक्यावर लुगड्याचा छोटा पडदा त्याच्यावर पडला. मल्लिनाथ शिवप्पाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन निरखत होता. शिवप्पाच्या चेहऱ्यावर अपराध कसला, बापडा खेळ बघण्यात गुंगला होता! तेवढ्यात माझ्या शेजारून शिवकांताचा आवाज फुटला.

"त्यांच्याकडं काय बगताय? पडदा म्या पाडायला लावला हुता!"

वर टांगलेल्या माइकनं ते वाक्य वेशीपर्यंत नेलं. लोकांना वाटलं नाटकातली कुणी राणी बोलली. टाळ्या पडल्या. मल्लिनाथचा चेहरा पांढराफटक, तरी तो भूमिका सोडीना. "बोल! का पाडलास? चिंचगडाला उत्तर दे!"

"सुरवार उसवली हुती मागनं! पार कमरेपतुर! आन तुमी पाठ फिरवून मुजरा घालायला निगाला हुता! म्या खूण केली, भावजींनी दोरी सोडली. वर्ष झालं म्या गप हाय, आज न्हाय ऱ्हावत!"

मंडपात असा हशा उसळला की जनरेटरचा आवाज ऐकू येईना. मल्लिनाथ शिवप्पाकडं वळला. "मग सांगितलं का न्हाईस?"

राजा मुकुट सावरत पुटपुटला, "तुला कळलं असतं तर तू पुन्ना तोंडाला रंग लावला नसतास."

मी चटकन पडदा पाडला. आत मल्लिनाथ पेटीवर बसून राहिला. सबंध नाटक त्यानं ज्या गुन्ह्यासाठी रचलं, तो गुन्हा शिवप्पानं त्याच्यासाठी केला होता. चौथा अंक दैवशालानं एकटीनं ओढला.

पाचवा अंक. मेजवानी. शिवप्पा ठरल्याप्रमाणं गुडघ्यांवर आला आणि माफी मागू लागला. मल्लिनाथनं तलवार उचलली. ती तशीच वर राहिली.

"मार," मी विंगेतून ओरडलो.

"मार की," राजाही कुजबुजला, "लोक बघत्यात."

मल्लिनाथच्या डोळ्यांतून पाणी गालावरचा रंग घेऊन खाली येत होतं. हात काही खाली येईना. मग शिवप्पाला काय सुचलं कुणास ठाऊक. त्यानं नायकासाठी ठेवलेला विषाचा पेला उचलला, "माझं पाप मलाच पचू दे!" म्हणाला आणि गटागटा प्यायला. आयुष्यभर पडद्यामागं साठलेली हौस त्यानं तिथं फेडून घेतली. तो टेबलापाशी मेला, मग उठून सिंहासनापाशी मेला, मग पायरीवर मेला. टाळ्या, शिट्ट्या.

राजा गेला. आता मल्लिनाथ गादीवर बसायचा. वहीत तसंच होतं. तो गादीपर्यंत गेला, तिच्याकडं बघितलं, आणि माघारी वळून दैवशालापुढं गुडघे टेकले. तलवार तिच्या हातात दिली.

"पोरी, तुझ्या बापाची चूक काय हे न विचारताच म्या वार केला. राजाला शिक्षा द्यायला निघालो आणि त्याच्यासारखाच झालो. ही गादी माझी नव्हं."

हे वाक्य वहीत नव्हतं. वहीतल्या सगळ्या वाक्यांपेक्षा बरं होतं. दैवशालानं क्षणभर खाली पडलेल्या आपल्या खऱ्या बापाकडं बघितलं, मल्लिनाथवर वार केला, आणि तलवार घेऊन थेट स्टेजच्या कडेला आली. ती तिनं लोकांपुढं आडवी ठेवली. "आता माझा न्याय तुमी करा. माझे हात भरलेत, तुमचे न्हाईत."

तिला हवा होता तो तिसरा समोर चटईवर बसला होता, भेळेचे कागद हातात घेऊन. मला न सुचलेलं उत्तर पोरीनं मला न विचारता दिलं होतं.

मग मल्लिनाथ मरू लागला. सावकाश, मनासारखा. मायभूमी झाली, चिंचगड झाला, बापाचा फेटा झाला. शेवटी तो कसाबसा उठला, प्रेक्षकांकडं पाठ केली. विंगेत शिवकांता सुईदोरा घेऊन उभी राहिली. शिवण घट्ट होती. मुजरा झाला, आणि तो मेलेल्या राजाच्या शेजारी आडवा झाला.

मी दोरीला हात घातला, तर मेलेल्या नायकानं डोळा उघडून माझ्याकडं असं बघितलं की मी हात काढला. मग त्यानं राजाला कोपरानं ढोसलं.

"शिवा," तो म्हणाला, माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं, "तू पाड."

मेलेला राजा उठला, मुकुट काखेत मारला, चालत माझ्यापाशी आला आणि दोरी हातात घेतली. ओढायच्या आधी त्यानं वळून मल्लिनाथकडं बघितलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. मग हळूच पडदा सोडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दळण घेऊन गेलो. गिरणी बंद होती. समोर टायरवर दोघं बसले होते, मध्ये एकच कप, आणि राजा जास्त वेळ मेला का नायक यावर कडाक्याचं भांडण चालू होतं.