पाचपैकी एक

सराव परीक्षेचा मराठीचा पेपर हातात आला आणि मी सुन्न झाले. तक्रारपत्राला पाचपैकी एक! माझी मराठी वर्गात सगळ्यांत चांगली, असं मला वाटायचं. नुसतं वाटायचं कशाला, मी तसं बोलूनही दाखवायचे. बाकावरच्या शेजारणीला, जिला धड एक परिच्छेद सरळ लिहिता येत नसे, तिला साडेतीन. माझ्या पत्राखाली बाईंनी लाल शाईनं विचारलं होतं, 'मागणी कुठे आहे?'

प्रश्न सोपा होता. वस्तीत पाणी वेळी-अवेळी येतं, संबंधित अधिकाऱ्याकडे तक्रार करा. मला तर वाटलं होतं, हा प्रश्न माझ्यासाठीच काढलाय. दुष्काळाची वर्षं होती. पैठणचं धरण तळाला गेलेलं आणि शहर मात्र चारी बाजूंनी पसरत चाललेलं. पुंडलिकनगरच्या पुढं नव्यानं प्लॉट पडले होते, तिथल्या एका सोसायटीत आम्ही राहत होतो. नळाची पाइपलाइन तिथवर पोचलीच नव्हती. सोसायटीचा टँकर यायचा, आणि यायचा तो त्याच्या मर्जीनं. हॉर्न वाजला की घरातल्या माणसानं पाइप घेऊन धावायचं. घरात कोणी नसेल तर पिंप कोरडं. वडील पैठणला आजी-आजोबांपाशी, त्यामुळं धावायला आई आणि मी दोघीच.

आई चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, कंत्राटी. सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस येई. टँकर आणि बस एकाच वेळी आले की आईचा खाडा ठरलेला. मला शाळा बुडवू देत नव्हती, दहावी ना! सुपरवायझरनं बजावलं होतं, आणखी एक खाडा झाला तर येऊ नका. घर त्या पगारावर चालत होतं.

हे सगळं मी पत्रात लिहिलं होतं. हॉर्न, पाइप, भांडणं, रिकामी पिंपं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं. मग एक का?

तासानंतर पेपर घेऊन बाईंच्या टेबलाशी गेले, जरा तणतणतच. बाईंनी माझाच शेवटचा परिच्छेद मला मोठ्यानं वाचायला लावला. 'धरणातच पाणी नाही, त्याला आपण तरी काय करणार? आपलाही नाइलाज आहे, याची आम्हाला जाणीव आहे. तरी कळावे.'

"हे कुणाचं पत्र आहे?" बाईंनी विचारलं. "तक्रार करणाऱ्याचं का अधिकाऱ्याचं?"

मी त्या ओळींवरून पुन्हा नजर फिरवली.

"तू त्यांच्या वतीनं उत्तरसुद्धा लिहून टाकलंस की गं. आता त्यांना करायला काय उरलं? पत्र फाइलला लावायचं, झालं."

कान तापले माझे. बाई मात्र शांतपणे समजावत होत्या. पत्र कशासाठी, हे विषयातच एका ओळीत यावं. मग काय घडतं, कधी, कुणाचं काय नुकसान होतं, तेवढंच लिहावं. रडगाणं नको. आणि शेवटी नेमकं काय करून हवं ते मागावं. "धरण भरून द्या म्हणू नको, ते त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ते माग. आता तुझ्याच सोसायटीवर लिहून आण. खाली नाव मात्र अ. ब. क. परीक्षेत स्वतःचं नाव लिहायचं नसतं."

संध्याकाळी लिहायला बसले. प्रति, मा. सचिव. इथंच पेन अडलं. आमचे सचिव म्हणजे समोरच्या घरातले काका. आम्हाला हे घर त्यांनीच दाखवलेलं. आई त्यांना भाऊ म्हणायची. टँकर चुकला की दारात उभी राहून म्हणायची, "भाऊ, आज नाय मिळालं पाणी. असू द्या, तुम्ही तरी काय करणार?" ते वाक्य आठवलं आणि मी चरकलेच. माझा अख्खा शेवटचा परिच्छेद आईच्या तोंडचा होता.

कागदावर मात्र काका नव्हते, 'मा. सचिव' होते, असं मनाशी म्हटलं आणि पुढचं भराभर सुचलं. विषय, टँकरचा वार व वेळ निश्चित करण्याबाबत. मागणी, टँकरचे वार ठरवावेत, वेळ संध्याकाळी सहानंतरची असावी, आणि बदल झाल्यास आदल्या दिवशी फाटकावरच्या फळ्यावर लिहावं.

आईनं भाकरी थापता थापता वाचलं आणि तिचा हात थांबला. "भावाची तक्रार? अगं, शेजार हाय आपला! आत्ताच्या आत्ता फाड ते."

मी फाडलं नाही. गृहपाठ होता, दाखवायचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालेली मी कोपऱ्यावर आईजवळ उभी होते. बस समोरून येत होती आणि मागून हॉर्न वाजला. घरात प्यायलाही पाणी नव्हतं. आईनं बसकडं पाहिलं, मग वस्तीकडं, आणि पदर खोचून मागं पळाली. मला हाक मारली नाही. दुपारी फोन आला. सोमवारपासून दुसरी बाई लावलीय, असं सुपरवायझरनं सांगितलं.

मी घरी आले तेव्हा आई भरलेल्या पिंपाशी बसलेली. "कुठंय ते पत्र?" एवढंच म्हणाली. अ. ब. क. खोडून तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि मला घेऊन समोर गेली.

काका चष्मा लावून वाचत होते. मला वाटलं, आता हे बोलणार, आता शेजार तुटणार. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"ताई, एवढंच व्हय?" ते म्हणाले. "मी तर टँकरवाल्याला म्हणायचो, जमंल तवा ये. तुम्ही सगळेच म्हणायचे, असू द्या, असू द्या. मला वाटलं, चालतंय."

उठले, ड्रायव्हरला फोन लावला, आणि फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहून आले. मंगळवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा.

मी थक्क होऊन फळ्याकडं बघत राहिले. खरं सांगते, आनंद झाला नाही, संताप आला. काकांचा नाही, आम्हा सगळ्यांच्या त्या 'असू द्या'चा. इतकी भांडणं, इतके खाडे, आणि औषध काय, तर एक फोन आणि खडूचा तुकडा!

मंगळवारी टँकर सहाला आला. आई दिवसभर घरीच होती. पिंप भरलं, पाइप गुंडाळला, हात पुसले आणि माझ्या समोर येऊन बसली.

"वही काढ. प्रति लिही, कंपनीच्या मोठ्या साहेबाला. पाण्याची वेळ आता ठरलीय, खाडा होणार नाय. मला परत कामावर घ्या."

मी विषय लिहायला लागले.

"आणि ऐक," ती म्हणाली, "खाली माझंच नाव घाल. सुपरवायझरचा तरी काय दोष, असलं काय बी लिहू नको."