‘तू’चं इंग्रजी

भाषांतर करताना मला एका जागी बसवत नाही. एक वाक्य अडलं की मी उठते, गॅसवर उगाच चहा ठेवते, गॅलरीत जाते, परत येते आणि तेच वाक्य तिथेच माझी वाट बघत असतं. नवरा म्हणतो, तुझं भाषांतर पायांनी चालतं. रोह्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या वर्षी मी जेवढी चालले तेवढ्यात कोलाडला जाऊन आले असते.

पोटापाण्यासाठी मी कंपन्यांची कागदपत्रं भाषांतरित करते. कुठल्या टाकीजवळ काडी ओढू नये, कुठला व्हॉल्व्ह कुणी फिरवावा, असली. त्यात पात्रं नसतात, म्हणून भांडणंही नसतात. कादंबरी मात्र मी हौसेनं अंगावर घेतली होती. लेखक पेणचे, निवृत्त मराठी शिक्षक. कादंबरी पेणजवळच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या एका मिठागरावरची, आणि तिच्या मधोमध उभी असलेली म्हातारी म्हणजे त्यांची आई. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिल्लीच्या एका प्रकाशनाला पुस्तकात रस होता आणि त्यांनी नमुन्यादाखल एक प्रकरण मागितलं. कुठलं द्यायचं ते सरांनीच ठरवलं: मोजणीचं.

प्रकरण असं. मिठागराची जमीन मोजायला भर उन्हात एक साहेब येतो. बरोबर शिपाई, तलाठी आणि गावातली दोनचार माणसं. म्हातारी त्याला पाहते, तांब्या घेऊन बाहेर येते आणि म्हणते, ‘‘तू बस रं बाला. उनान आलास. पानी पी, मंग बोल.’’

मी ते पहिल्यांदा इंग्रजीत केलं तेव्हा मला फार आवडलं होतं. ‘सिट यू डाउन, सनी’ अशी सुरुवात, पुढे शब्दांची शेपटं तोडलेली, व्याकरण जरा लंगडं. वाटलं, काय मातीचा वास आला! प्रकरण सरांना पाठवलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. म्हणजे फिरत राहिले.

त्यांचा फोन आला तो थंड आवाजात. ‘‘मॅडम, तुम्ही पेणला याल का?’’

एसटीनं गेले. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने, रंगाचा वास थेट त्यांच्या बाहेरच्या खोलीत. माझे छापलेले कागद त्यांच्या मांडीवर होते.

‘‘हिला तुम्ही विदूषक केलंत,’’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘सर, बोली आहे ती. प्रमाण इंग्रजीत कशी लिहू?’’

‘‘ती पानी म्हणते तेव्हा ती चुकत नाही. तिच्या गावात सगळे पानीच म्हणतात. तुमच्या इंग्रजीत ती चुकतेय. वाचणारा हसेल.’’

मला राग आला, कारण ते खरं होतं. मराठीत ‘पानी’ वाचताना आपल्याला खाडीकाठ ऐकू येतो. इंग्रजीत शब्दाचं शेपूट तोडलं की वाचणाऱ्याला फक्त अडाणीपणा ऐकू येतो. शिवाय इंग्रजीत गावाकडचं बोलायचं तर कुठल्या तरी गावचं बोलावं लागतं, आणि ते गाव इंग्लंडात नाहीतर अमेरिकेत असतं. माझी म्हातारी पेणहून उठून कुठल्या तरी गोऱ्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसली होती. हे सगळं मला पेणला येताना बसमध्येच कळत होतं, पण कुणी तोंडावर सांगितलं की झोंबतंच.

निघताना ते म्हणाले, ‘‘जमत नसेल तर राहू द्या. मराठीत आहे, तेवढं पुरे. पण लोक तिला हसणार असतील तर मी परवानगी देणार नाही.’’

मी घरी येऊन सगळं पुसलं आणि स्वच्छ लिहिलं. इतकं स्वच्छ की ‘काइंडली बी सीटेड’पर्यंत गेले. आगीतून फुफाट्यात. वर्षानुवर्षं कंपनीच्या सूचना लिहून माझं इंग्रजी इस्त्रीचं झालेलं आहे, त्याला सुरकुती म्हणून पडत नाही. सरांनी फोनवर एकच वाक्य ऐकलं आणि म्हणाले, ‘‘ही कोण? साहेबाची आई वाटते.’’ मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

मग मी मधला रस्ता धरला. साधी, पुरी, आखूड वाक्यं. शुद्धलेखन मोडायचं नाही, शब्द जड वापरायचे नाहीत. तिचा श्वास जिथे तुटतो तिथे पूर्णविराम. ‘बाला’ तसाच ठेवला. पाणी देताना उच्चारलेला शब्द प्रेमाचाच असणार, हे दिल्लीतल्या माणसालाही कळेल. आणि माझं इस्त्रीचं इंग्रजी मी साहेबाला देऊन टाकलं. तो बोलला की नोटीस वाचल्यासारखं. त्याच्याशेजारी म्हातारी आपोआप माणूस वाटायला लागली. हे जमल्यावर मी त्या दिवशी शांत बसून जेवले.

शांतता टिकली नाही. दिल्लीच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, भाषा छान आहे, म्हातारी आवडली, पण साहेब एवढा का चिडतो तेच कळत नाही. ती त्याला बसायला सांगते, पाणी देते आणि तो अंगावर येतो. आणि प्रकरण असं अचानक का संपतं? शेवटी काही घडतच नाही.

मी फोन ठेवला आणि मूळ उघडलं. घडत कसं नाही? म्हातारी साहेबाला ‘तू’ म्हणते. खारेपाटात जुनी माणसं सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, बापाला, डॉक्टरला, देवाला. त्यात अपमान नसतो, उलट आपलेपणा असतो. साहेबाला तो अपमान वाटतो. ‘‘मला तू म्हणतेस? मी काय तुझ्या मिठागरावरचा गडी आहे?’’ असं तो सगळ्यांसमोर ओरडतो, स्वतः तिला ‘तू’ म्हणतच. म्हातारी तांब्या खाली ठेवते आणि म्हणते, ‘‘बसा, सायेब. मी हाय उबी.’’ तिथे प्रकरण संपतं.

इंग्रजीत काय राहिलं होतं? आधी ‘यू’, नंतरही ‘यू’. ‘बस’चं ‘बसा’ होण्यातली म्हातारीची हार माझ्या हातून नुसती गळून गेली होती.

संपादकबाईंनी सुचवलं, तळटीप द्या. मराठीत दोन तऱ्हेचं ‘यू’ असतं वगैरे. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘माझ्या आईखाली टीप नको.’’

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी जुन्या इंग्रजीतलं ‘तू’, म्हणजे ‘दाऊ’, करून पाहिलं, म्हातारी देवळातल्या आरतीसारखी बोलायला लागली. साहेबाला नावानं हाक मारून पाहिली, पण तिला त्याचं नाव ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत माझी फरशी झिजली. सरांना सांगावं का, तुमचं पुस्तक इंग्रजीत होणार नाही, असंही मनात आलं. सांगायला जीभ उचलेना, कारण मला ते पुस्तक हवं होतं. त्या म्हातारीवर माझा जीव जडला होता.

एका सकाळी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला, एका सूचनेत दुरुस्ती होती. मी बोलून ठेवला तर नवरा पेपराआडून म्हणाला, ‘‘सर, हो सर, बरं सर, पाठवते सर. एवढं त्या माणसाला त्याची बायकोसुद्धा मानत नसेल.’’

मी चहाचा कप तसाच ठेवून आत पळाले.

इंग्रजीत ‘तुम्ही’ नाही, पण ‘सर’ आहे. मी माझंच प्रकरण चाळलं. शिपाई साहेबाला ‘सर’ म्हणत होता, तलाठी म्हणत होता, कंपनीत कामाला जाणारी गावातली पोरं म्हणत होती. ठीकच होतं, मुळातही ती ‘तुम्ही’ आणि ‘साहेब’ म्हणतात. पण म्हातारीच्या तोंडीही मी दोन ठिकाणी ‘सर’ घातला होता! मोठ्या माणसाशी बाई बोलतेय म्हणून, माझ्याही नकळत, रोह्याच्या रीतीनं. ज्या उद्धटपणावर साहेब चिडतो तो मीच आधी तिच्या वतीनं झाकून टाकला होता.

मी तिचे ‘सर’ काढले. बाकीच्यांचे वाढवले, मराठीत जिथे नुसतं ‘हो’ होतं तिथेही. आता साहेबाभोवती सगळीकडे ‘सर, सर’ चाललेलं, आणि मध्ये ही बाई येते, ‘सिट, बाला’ म्हणते. साहेब ओरडतो तेव्हा हेच विचारतो, की बाकीचे मला काय म्हणतात ते ऐकू येत नाही का? मूळ वाक्य थोडं वळवावं लागलं, त्याचा हिशेब मी सरांना देणार होते. मग तांब्या. आणि शेवटचं वाक्य, त्यात प्रकरणात पहिल्यांदाच तिच्या तोंडी तो शब्द: ‘सिट, सर. आय विल स्टँड.’

हे पाठवायचं धाडस झालं नाही. कागद घेऊन स्वतः पेणला गेले.

सर मोठ्यानं वाचू लागले, मराठी शिक्षकाच्या संथ इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा. मला बसवेना म्हणून मी खिडकीशी उभी राहिले. समोर कारखान्यात बिनरंगाच्या मूर्ती ओळीनं वाळत होत्या. साहेबाच्या ओरडण्यापाशी ते थांबले. मला वाटलं, वाक्य वळवलं ते खटकलं. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला आणि पुढे वाचलं. शेवटच्या वाक्यातलं ‘सर’ त्यांनी इतक्या हळू उच्चारलं की मला ते ओठांवर दिसलं, ऐकू आलं नाही.

बराच वेळ त्यांनी कागद खाली ठेवला नाही.

‘‘ओरडणारा साहेब कुणी नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘मोजणीला आलेला माणूस तिच्या हातचं पाणी पिऊन, हसून गेला होता. ओरडलो मी होतो. शाळेत नवीन लागलो होतो, तपासणीचे साहेब घरी आले, ती त्यांना ‘बस रं’ म्हणाली. ते गेल्यावर मी तिला बोललो. शिकलेल्या माणसांना तुम्ही म्हणावं, एवढं कळत नाही का, म्हटलं.’’

मी खिडकीकडून त्यांच्याकडे वळले.

‘‘मीही शिकलेलाच ना. दुसऱ्या दिवसापासून मला म्हणायला लागली. ‘तुमी जेवलाव का?’ पोटच्या पोराला. मी हात जोडले, आये, मला नको गो तसं म्हनूस. तर म्हणाली,’’ आणि त्यांचा आवाज तिच्या बोलीत गेला, ‘‘बरं. नाय म्हनत तुमाला.’’